‘अंशांनी’ आणि ‘अंशांवर’: तापमानातला फरक फॅरनहाइटमध्ये नेताना

प्रश्न: आमच्या मोटरच्या कागदपत्रात भोवतालचं कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस, तापमान-वाढ ८० अंश आणि हॉटस्पॉटसाठी आणखी १० अंश असं लिहिलंय. मला सगळा तक्ता फॅरनहाइटमध्ये द्यायचाय. कन्व्हर्टरमध्ये १० टाकले की ५० येतात, पण आमचे साहेब म्हणतात १८ लिही. कन्व्हर्टर चुकतो का?

उत्तर:

साहेबांचं बरोबर आहे आणि कन्व्हर्टरही चुकत नाही. त्याला तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं. त्याला वाटलं, तुम्ही थर्मामीटरवरचा आकडा विचारताय. थर्मामीटर १० अंश सेल्सिअस दाखवत असेल, तर त्याच क्षणी फॅरनहाइटचा थर्मामीटर ५० दाखवेल. तुमचे १० मात्र कुठल्याही थर्मामीटरवर दिसत नाहीत. ते दोन तापमानांमधलं अंतर आहे.

हा भेद आपल्या भाषेत आधीपासून आहे. ‘तापमान १० अंशांवर गेलं’ आणि ‘तापमान १० अंशांनी वाढलं’ ही दोन वाक्यं कुणीही एक मानणार नाही. ‘वर’ म्हणजे पट्टीवरची एक जागा. ‘नी’ म्हणजे त्या पट्टीवर किती सरकलो ते. कागदावर मात्र दोन्ही ठिकाणी ‘१० °C’ एवढंच उरतं, प्रत्यय गळून पडतो आणि घोळ तिथून सुरू होतो. म्हणून कुठलाही आकडा बदलायला घेण्याआधी मी तो मनातल्या मनात वाक्यात घालून बघतो. ‘नी’ लागला तर एक रीत, ‘वर’ लागला तर दुसरी.

रीती दोन का, ते सूत्राकडे पाहिलं की कळतं.

```
जागा :  F = 1.8 × C + 32
फरक :  ΔF = 1.8 × ΔC
```

पाणी गोठण्यापासून उकळेपर्यंतच्या अंतराचे सेल्सिअस पट्टीवर १०० भाग पडतात आणि फॅरनहाइट पट्टीवर ३२ ते २१२ असे १८० भाग पडतात. म्हणून सेल्सिअसचा एक अंश म्हणजे फॅरनहाइटचे १.८ अंश. हा १.८ म्हणजे अंशाच्या आकाराचा हिशोब. ३२ चा अंशाच्या आकाराशी काही संबंध नाही. पाणी गोठतं तिथे एका पट्टीने शून्य लिहिलं, दुसरीने ३२ लिहिलं, एवढंच तो सांगतो. आता दोन तापमानांची वजाबाकी करा. २५ अंश म्हणजे ७७ फॅरनहाइट, ३५ अंश म्हणजे ९५ फॅरनहाइट. दोन्ही आकड्यांत एकेक ३२ आहे, वजाबाकीत ते एकमेकांना खातात आणि ९५ वजा ७७ म्हणजे १८ उरतात. फरकाचा कुठे सुरुवात केली याच्याशी संबंधच नसतो, त्यामुळे त्यात ३२ मिळवायला जागाच नाही.

पटत नसेल तर शून्य टाकून बघा. तापमान शून्य अंशांनी वाढलं, म्हणजे काहीच बदललं नाही. काहीच बदललं नाही ही गोष्ट फॅरनहाइटमध्ये ‘३२ अंशांनी वाढलं’ अशी होऊ शकत नाही.

आता तुमची मोटर घेऊ, कारण हे उदाहरण फार चांगलं आहे. एकाच बेरजेत दोन्ही जातींचे आकडे शेजारी शेजारी बसलेत. ८० अंशांची वाढ आणि १० अंशांची राखीव जागा ही वर्ग बी इन्सुलेशनची ओळखीची जोडी आहे. हिशोब असा असतो: भोवतालची हवा जास्तीत जास्त ४० अंशांवर. त्यात पूर्ण भाराखाली वाइंडिंगचं सरासरी तापमान ८० अंशांनी चढेल. वाइंडिंग सगळीकडे सारखं तापत नाही, खाचेच्या आतला एखादा भाग सरासरीपेक्षा जास्त गरम असतो, त्याच्यासाठी आणखी १० अंश धरायचे. चाळीस, ऐंशी आणि दहा मिळून १३० अंश सेल्सिअस, आणि तीच वर्ग बीची मर्यादा.

फॅरनहाइटमध्ये नेताना ४० ही जागा आहे, तिचे १०४ होतात. ८० हा फरक आहे, त्याचे १४४. १० हाही फरक, त्याचे १८. बेरीज २६६. आता १३० अंश सेल्सिअस ही मर्यादा सरळ जागा म्हणून बदलून बघा: १३० गुणिले १.८ म्हणजे २३४, अधिक ३२ म्हणजे २६६. दोन्ही वाटांनी एकच मुक्काम आला, म्हणजे तक्ता बरोबर.

तुमच्या कन्व्हर्टरने तिन्ही आकडे जागा म्हणून बदलले असते तर १०४, १७६ आणि ५० आले असते आणि बेरीज ३३० झाली असती. खरी मर्यादा २६६. मधला फरक ६४, म्हणजे बरोबर दोन वेळा ३२, कारण दोन फरकांवर एकेक ३२ फुकटचे चढले. ३३० फॅरनहाइट म्हणजे जवळपास १६६ अंश सेल्सिअस. वर्ग एफचं इन्सुलेशनसुद्धा १५५ अंशांपर्यंतच मानलं जातं. कुणी हा तक्ता पाहून अलार्म ३३० च्या आसपास लावला, तर अलार्म वाजायच्या कितीतरी आधी वाइंडिंगचं इन्सुलेशन झपाट्याने खराब व्हायला लागलेलं असेल. इन्सुलेशनच्या बाबतीत एक ढोबळ नियम आम्ही सगळेच वापरतो: मर्यादेपेक्षा दर १० अंश सेल्सिअस जास्त चालवलं की आयुष्य निम्मं होतं. तो नियम फॅरनहाइटमध्ये सांगायचा तर ‘दर १८ अंशांना निम्मं’ असा होतो. कुणी तो ‘दर ५० अंशांना निम्मं’ असा लिहिला, तर ५० फॅरनहाइटच्या वाढीत प्रत्यक्षात जवळपास २८ अंश सेल्सिअस दडलेले असतात आणि त्या नियमाने आयुष्य निम्म्यावर न थांबता सातव्या हिश्शाच्या आसपास येतं.

या तक्त्यातली अजून एक गोष्ट बघा. १० चे ५० झालेले तुमच्या साहेबांच्या लगेच डोळ्यांत आले. ८० चे १७६ झालेले आले असते का? मला शंका आहे. चूक दोन्हीकडे ३२ चीच आहे, पण १८ च्या जागी ५० दिसले की खटकतं आणि १४४ च्या जागी १७६ दिसले तर ‘असेल’ असं वाटतं. फरक जितका मोठा, तितकी ही चूक त्याच्या पोटात नीट लपते. म्हणून ‘उत्तर विचित्र दिसलं तर कळेलच’ यावर विसंबू नका.

उलट्या दिशेने, म्हणजे फॅरनहाइटमधला फरक सेल्सिअसमध्ये आणताना, चूक वेगळा चेहरा घेऊन येते. १८ फॅरनहाइटची वाढ कन्व्हर्टरमध्ये टाकली की उणे ७.८ येतं. तापमान वाढलंय आणि उत्तर उणे, हे कुणालाही थांबवेल. पण ४५ फॅरनहाइटची वाढ टाकली की ७.२ येतं. दिसायला अगदी साजरं उत्तर, खरं मात्र २५. या दिशेला आपण वाढ कमी समजतो, आणि मशीनच्या बाबतीत ते जास्त घातक आहे.

माझ्यासमोर ही चूक आली ती मोटरवर नाही, गरम पाण्याच्या एका टाकीवर. कंट्रोलरवर दोन आकडे भरायचे होते. एक सेटपॉइंट, म्हणजे हीटर कुठे बंद व्हायचा ती जागा: ६० अंश सेल्सिअस. दुसरा डिफरन्शिअल, म्हणजे पाणी त्या जागेपासून किती अंशांनी उतरलं की हीटर पुन्हा चालू व्हायचा: ४ अंश. कंट्रोलर फॅरनहाइटवर चालणारा होता. भरणाऱ्याने दोन्ही आकडे एकाच सूत्रातून काढले. ६० चे १४० झाले, ते बरोबर. ४ चे ३९.२ झाले, तिथे गडबड. खरे ७.२ हवे होते. मग व्हायचं ते झालं. हीटर १४० वर व्यवस्थित बंद व्हायचा आणि पाणी १३२.८ ला, म्हणजे ५६ अंश सेल्सिअसला, पुन्हा तापायला लागायच्या ऐवजी १००.८ पर्यंत, म्हणजे ३८ अंश सेल्सिअसपर्यंत, निवत जायचं. पाणी गार येतंय अशी तक्रार आली. पहिला संशय सेन्सरवर, तो बदलला. मग रिलेवर, तोही बदलला. काही फरक नाही, कारण दोन्ही आधीपासूनच ठणठणीत होते.

सापडलं ते नोंदीत. आलेखाचं वरचं टोक दर वेळी १४० ला टेकत होतं. खालचं टोक दर वेळी १०१ च्या जवळ. मधलं अंतर ३९ च्या आसपास. त्या अंतरातून ३२ वजा केले तर ७ उरले, त्याला १.८ ने भागलं तर ४ च्या जवळचा आकडा आला, आणि कागदावर ४ च लिहिलेले होते. तेव्हापासून माझी ही सवयच झालीय. कुठलाही फरक अकारण मोठा वाटला की त्यातून ३२ काढायचे आणि उरलेल्याला १.८ ने भागायचं. गोल, ओळखीचा आकडा आला की समजावं, कुणीतरी फरकाला जागा समजून बदललंय.

डिफरन्शिअलसारख्या आणखी काही गोष्टी ‘फरक’ या नावाने येत नाहीत, पण असतात फरकच. ‘अधिक-उणे २ अंश’ ही अचूकता फॅरनहाइटमध्ये अधिक-उणे ३.६ होते, ३५.६ नाही. मोजमापांचं प्रमाण विचलनही १.८ पटच होतं. हीट एक्स्चेंजरमध्ये दोन प्रवाहांमधलं अंतर, फ्रीझरच्या आतलं आणि बाहेरचं अंतर, दिवसाचं कमाल आणि किमान यांतलं अंतर, सगळ्यांना हाच नियम. सरासरी मात्र फरक नाही. दहा नोंदींची सरासरी ही एक जागाच असते, तिला ३२ लागतात.

‘प्रति अंश’ आला की पाऊल उलटं पडतं, आणि इथे अनुभवी माणसंही अडखळतात. पोलाद दर मीटरला दर अंश सेल्सिअसमागे सुमारे १२ मायक्रोमीटर लांबतं. इथला अंश हा फरकच आहे, म्हणून ३२ नकोत. पण फॅरनहाइटचा अंश लहान, त्याच्यामागे लांबणंही कमीच होणार, म्हणून गुणायचं नाही, १.८ ने भागायचं: सुमारे ६.६७ मायक्रोमीटर. दहा मीटरच्या पोलादी दांड्याचं तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं तर तो १.२ मिलिमीटर लांबतो. फॅरनहाइटमध्ये ६.६७ गुणिले १८ गुणिले १० केलं तरी १.२ मिलिमीटरच यायला हवेत, आणि येतात. १८ च्या जागी ५० घातलेत तर ३.३ मिलिमीटर येतील. दांडा तर तोच आहे आणि ऊनही तेवढंच, मग एकक बदलल्याने तो जास्त लांबायचा नाही.

आता तुमच्या मोटरकडे परत येऊ, कारण पुढे कधीतरी तुम्हाला ती ८० अंशांची वाढ प्रत्यक्ष मोजावी लागेल आणि तिथे या चुकीचा सर्वांत चकवणारा प्रकार आहे. वाइंडिंगच्या आत थर्मामीटर घालता येत नाही, म्हणून त्याचा रोध मोजतात. तांबं तापलं की रोध वाढतो आणि त्यावरून तापमान-वाढ काढतात:

```
वाढ = (R2 − R1) / R1 × (235 + t1) + t1 − ta
```

इथे R1 हा थंड मोटरचा रोध, t1 त्या वेळचं वाइंडिंगचं तापमान, R2 चाचणीच्या शेवटचा गरम रोध आणि ta शेवटची भोवतालची हवा. समजा, थंड रोध २.०० ओम २५ अंशांवर मोजला, गरम रोध २.५२ ओम आला आणि शेवटी हवा २७ अंशांवर होती. रोध ०.२६ पटीने वाढला. ०.२६ गुणिले २६० म्हणजे ६७.६, त्यात २५ मिळवून २७ वजा केले की ६५.६ अंशांची वाढ. ८० च्या आत, मोटर पास.

हेच फॅरनहाइटमध्ये करायचं तर २५ चे ७७ आणि २७ चे ८०.६ होतील, ते सोपं आहे. पण त्या २३५ चं काय करायचं? तो नुसता स्थिरांक वाटतो. इतकं सगळं वाचल्यावर कुणीही म्हणेल की हा वाढीच्या सूत्रातला आकडा, १.८ ने गुणा, ४२३ लिहा. करून बघा: ०.२६ गुणिले ५०० म्हणजे १३०, अधिक ७७, उणे ८०.६, उत्तर १२६.४. आणि ६५.६ अंश सेल्सिअसची वाढ म्हणजे ११८.०८ फॅरनहाइट असायला हवी. आठ अंश जास्त आले.

कारण २३५ हा फरक नाही, ती लपलेली जागा आहे. तांब्याच्या रोधाची सरळ रेषा खाली खाली वाढवत नेली तर ती उणे २३५ अंश सेल्सिअसवर शून्याला टेकते. खरं तांबं तिथे शून्य रोधाचं होत नाही, ही फक्त नेहमीच्या तापमानांतल्या रेषेची कल्पित टोकाची जागा आहे. पण जागा म्हटल्यावर तिला ३२ लागतात: उणे २३५ गुणिले १.८ म्हणजे उणे ४२३, अधिक ३२ म्हणजे उणे ३९१. सूत्रात ३९१ घाला. ०.२६ गुणिले ४६८ म्हणजे १२१.६८, अधिक ७७, उणे ८०.६, बरोबर ११८.०८. बसलं.

कंसातलं (२३५ + २५) खरं तर वजाबाकीच आहे, पंचवीस वजा उणे दोनशे पस्तीस. २५ ही जागा आणि त्या रेषेचं कल्पित टोक यांच्यातलं अंतर. ते २६० अंशांचं अंतर फॅरनहाइटमध्ये ४६८ होतं, नुसत्या १.८ ने. म्हणजे नियम तोच राहिला, फक्त कुठला आकडा कशाची जागा आहे हे आधी ओळखावं लागलं. मी तर सांगेन, हे सूत्र फॅरनहाइटमध्ये नेऊच नका. सगळी चाचणी सेल्सिअसमध्ये करा, वाढ निघाली की त्या एकाच आकड्याला १.८ ने गुणा.

आता तक्ता कसा लिहावा. आमच्या कामात फरक केल्विनमध्ये लिहायची चांगली पद्धत आहे. केल्विनचा अंतराल आणि सेल्सिअसचा अंतराल अगदी एकाच आकाराचे आहेत, त्यामुळे आकडा तोच राहतो: ४० °C भोवताल, ८० K वाढ, १० K राखीव. १९६७-६८ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय महापरिषदेने ‘केल्विन’ हे नाव ठरवलं तेव्हाच तापमानातले फरकही त्याच नावाने लिहायचे असं सांगितलं, आणि ते सेल्सिअस अंशांत लिहायलाही मुभा ठेवली. दोन्ही बरोबर आहेत. पण K लिहिलं की ८० ला कुणी थर्मामीटरवरचा आकडा समजत नाही, कारण ८० केल्विनवर हवासुद्धा जवळपास द्रवरूप व्हायला येते. फॅरनहाइटमध्ये अशी वेगळी खूण रोजच्या वापरात नाही, म्हणून तिथे शब्दांत लिहावं लागतं: ‘१४४ °F ने वाढ’. तो ‘ने’ गाळू नका.

संगणकावर करत असाल तर एक्सेलचं फंक्शन जागाच बदलतं. शून्याची जागा वजा केली की फरक मिळतो. `units` नावाच्या कमांडमध्ये तर दोन्हींसाठी वेगळी नावं आहेत.

```
=CONVERT(10,"C","F")                       50
=CONVERT(10,"C","F")-CONVERT(0,"C","F")    18

units 'tempC(10)' tempF                    50
units '10 degC' degF                       18
```

कन्व्हर्टरचं वेबपान किंवा फोनवरचं अॅप असेल तर त्याला ‘फरक’ असा पर्याय आहे का बघा. नसेल तर त्याच्याकडे जाऊच नका, १.८ चा गुणाकार हाताने करा.

तुमच्या तक्त्यात आता भोवताल १०४ °F, वाढ १४४ °F ने, हॉटस्पॉट १८ °F ने आणि मर्यादा २६६ °F असं लिहा. साहेबांच्या टेबलावर ठेवण्याआधी पहिल्या तिघांची बेरीज करून चौथ्याशी ताडून घ्या. आणि तक्त्यात ‘प्रति अंश’ असलेली एखादी ओळ असेल, म्हणजे तांब्याचा रोध २० अंशांजवळ दर अंश सेल्सिअसमागे ०.००३९३ पटीने वाढतो अशासारखी, तर तिला १.८ ने भागायचंय हे विसरू नका. तिथे ०.००२१८ यायला हवं.